वीस हजारांतून पंचवीस

जैवतंत्रज्ञान आणि औषधनिर्मितीच्या जगात जून महिना ‘बायो इंटरनॅशनल कन्व्हेन्शन’चा असतो. २०२४ साली हे संमेलन सॅन दिएगोला भरलं, २०२५ साली बोस्टनला. चार दिवसांसाठी जगभरातून वीस हजारांच्या आसपास माणसं येतात. बड्या औषध कंपन्यांचे अधिकारी असतात, दहा-बारा जणांच्या नवख्या कंपन्यांचे संस्थापक असतात, गुंतवणूकदार, वकील, देशोदेशींची सरकारी शिष्टमंडळंही असतात. भाषणं होतात, प्रदर्शन असतं, संध्याकाळी मेजवान्या असतात. पण मुख्य काम चालतं ते एका प्रचंड दालनात, ओळीने मांडलेल्या छोट्या छोट्या आडोशांत. प्रत्येक आडोशात एक टेबल, चार खुर्च्या आणि अर्ध्या तासाची एक भेट. २०१८ साली बोस्टनच्या संमेलनात अशा ४६ हजारांहून अधिक भेटी झाल्या आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्यानंतर हा आकडा आणखी वाढला आहे.

यातल्या फार थोड्या भेटी चहाच्या रांगेत ओळख होऊन ठरतात. बाकीच्या संमेलनाआधीच्या काही आठवड्यांत, घरी बसून ठरलेल्या असतात. आयोजकांची त्यासाठी वेगळी संगणकीय व्यवस्था असते. नोंदणी केली, त्या सोयीचे पैसे भरले की येणाऱ्या कंपन्यांची आणि त्यांच्या प्रतिनिधींची यादी उघडते. तुम्ही आपल्या कंपनीची माहिती भरायची, आपण कोणत्या वेळी मोकळे आहोत ते कळवायचं आणि ज्यांना भेटायचंय त्यांना विनंती पाठवायची. समोरच्याने होकार दिला की दोघांच्या मोकळ्या वेळा जुळवून संगणक तारीख, वेळ आणि टेबल क्रमांक देऊन टाकतो. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर भेट नाही.

मग अवघड काय आहे? अवघड आहे ती यादी वाचणं.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, पुण्यातली नऊ माणसांची एक कंपनी आहे. फुफ्फुसातल्या बुरशीच्या संसर्गावर तिने श्वासावाटे घ्यायची कोरडी पूड तयार केली आहे. २०२१ मध्ये करोनापाठोपाठ म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात काय केलं ते आपण पाहिलंच. या कंपनीचं औषध ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, तेव्हा ॲस्परजिलस फ्युमिगॅटसला सर्वांत वरच्या गटात ठेवलं होतं. प्राण्यांवरच्या चाचण्या झाल्या आहेत, माणसांवरच्या व्हायच्या आहेत. त्यांचा खर्च नऊ जणांच्या कंपनीला झेपणारा नाही. भारताबाहेरचे विक्रीहक्क घेऊन त्या बदल्यात चाचण्यांचा भार उचलेल असा भागीदार तिला हवा आहे. नोंदणी, विमान आणि हॉटेल मिळून दोघांचा खर्च काही लाखांत जातो. एवढे पैसे घालून कुणी भेटेल या भरवशावर जाणं परवडणारं नाही.

संस्थापक यादी उघडतात आणि शोधखिडकीत ‘संसर्गजन्य रोग’ असं टाकतात. शेकडो नावं समोर येतात, त्यात मोठमोठ्या कंपन्याही असतात. मोह होतो की सगळ्यांनाच विनंती पाठवावी. इथेच बहुतेकांची गाडी घसरते. कंपनीने स्वतःबद्दल भरलेली माहिती बऱ्याचदा ढोबळ असते, कधी जुनीही असते. प्रत्यक्षात गेल्या दशकात कित्येक बड्या कंपन्यांनी संसर्गाच्या क्षेत्रातून पाय मागे घेतले आहेत. ॲस्ट्राझेनेकाने २०१५ मध्ये आपलं प्रतिजैविकांचं संशोधन वेगळ्या कंपनीत काढून दिलं. २०१८ मध्ये नोव्हार्टिसने जीवाणू आणि विषाणूंवरचं संशोधन थांबवलं. त्याच वर्षी सनोफीने संसर्गावरच्या संशोधनाचा विभाग दुसऱ्या कंपनीकडे सोपवला. म्हणून नाव मोठं दिसलं तरी आधी त्या कंपनीच्या संकेतस्थळावर सध्या कोणती औषधं तयार होत आहेत ते पान काढून वाचायचं. सोबत गेल्या दोन-तीन वर्षांची प्रसिद्धीपत्रकं चाळायची. बड्या कंपन्या आपल्याला कोणत्या आजारांत आणि विकासाच्या कोणत्या टप्प्यावर भागीदार हवेत, हेही बऱ्याचदा जाहीर करतात. एका कंपनीला वीस मिनिटं दिली तर उत्तर मिळतं.

वरवर जुळणारं नाव दुसऱ्या प्रकारेही फसवतं. एएमआर ॲक्शन फंड हा २०२० मध्ये जाहीर झालेला सुमारे १ अब्ज डॉलरचा निधी आहे. बॉस्टन विद्यापीठातून चालणारी कार्ब-एक्स ही संस्था संशोधनाला अनुदान देते. औषधांना न जुमानणारे जंतू हा दोघांचाही विषय, त्यामुळे आपल्या कंपनीला वाटणार की हे तर आपल्यासाठीच आहेत. पण दोघांचाही मुख्य रोख जीवाणूंवर आहे, आणि आपलं औषध बुरशीवरचं. तिथे विनंती पाठवून नकारच पदरात पडण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांचे नियम आधी वाचायचे.

उलट जी नावं ‘संसर्ग’ या शोधात येतच नाहीत, ती कधी कधी जास्त कामाची ठरतात. आपल्या कंपनीकडे दोन गोष्टी आहेत, बुरशीवरचं औषध आणि ते श्वासातून देण्याची पद्धत. तेव्हा यादी दोनदा चाळायची. पहिल्यांदा बुरशीवरची औषधं विकणाऱ्या कंपन्यांसाठी. उदाहरणार्थ, बाझल शहराजवळच्या बॅसिलिया कंपनीचं आयसाव्युकोनाझोल हे बुरशीवरचं नावाजलेलं औषध आहे. दुसऱ्यांदा श्वासावाटे घ्यायच्या औषधांत मुरलेल्या कंपन्यांसाठी, जशी इटलीतल्या पार्मा शहरातली किएझी, किंवा श्वासावाटे घ्यायचं अमिकासिन बाजारात आणणारी अमेरिकेतली इन्स्मेड. या कंपन्या एखाद्या वर्षी संमेलनाला येतील न येतील, सांगायचा मुद्दा शोधाच्या दिशेचा आहे. तिसरी चाळणी जुन्या करारांची. मुंबईच्या सिप्लाने २०१९ मध्ये पल्मॅट्रिक्स या अमेरिकी कंपनीशी श्वासावाटे घ्यायच्या इट्राकोनाझोलसाठी करार केला होता. इट्राकोनाझोलही बुरशीवरचंच. असा करार सापडला की त्याचं पुढे काय झालं ते शोधायचं. अजून चालू असेल तर ती कंपनी आपली स्पर्धक असू शकते. थांबला असेल तर का थांबला, हा प्रश्न आपल्याला प्रत्येक भेटीत विचारला जाणार आहे आणि त्याचं उत्तर तयार हवं.

अशा वाचनातून आपल्या उदाहरणातल्या कंपनीकडे साठेक नावं उरतात. हे काम दोन आठवड्यांचं आहे आणि ते संस्थापकांनी स्वतः करावं, असं माझं ठाम मत आहे. कुणा प्रशिक्षणार्थीकडून यादी काढून घेतली तर नावं मिळतात, पण ती का निवडली हे डोक्यात राहत नाही. भेटीत बसल्यावर तेच लागतं.

आता कंपनी ठरली, पण विनंती कंपनीला करायची नसते, माणसाला करायची असते. बड्या कंपनीचे तीस-चाळीस प्रतिनिधी यादीत असतात आणि त्यांची कामं वेगळी असतात. काही जण बाहेरचं नवं संशोधन शोधून पारखतात. काही जण करारातली देवाणघेवाण बघतात, आणि ते चित्रात येतात कंपनीने मन बनवल्यानंतर. काही जण झालेले करार सांभाळतात. काही जण कंपनीच्या गुंतवणूक शाखेतले असतात, ते भागभांडवल घेतील पण औषधाचे हक्क घेणार नाहीत. आपल्याला हवा तो पहिल्या प्रकारचा माणूस, आणि त्यातही श्वसन किंवा संसर्ग विभागाचा. कर्करोग विभागाच्या उपाध्यक्षापेक्षा श्वसन विभागाचा मधल्या फळीतला अधिकारी आपल्या दृष्टीने मोलाचा. पदनामावरून सगळं कळत नाही. मग त्या माणसाने आधी कुठे काम केलंय आणि कोणत्या विषयावर जाहीर भाषण दिलंय ते पाहायचं.

विनंतीचा मजकूर हा दुसरा नाजूक भाग. अशा कंपन्यांकडे शेकडो विनंत्या येतात. पहिली चाळणी बहुतेक वेळा एखादा कनिष्ठ सहकारी करतो आणि त्याचं काम एवढंच असतं, की ही विनंती कुणाकडे पाठवायची, की टाकून द्यायची. त्याला दोन ओळींत निर्णय घेता आला पाहिजे. ‘आम्ही पुण्यातली एक अभिनव कंपनी असून आपल्यासोबत सहकार्याच्या संधी शोधण्यास उत्सुक आहोत’ या वाक्यात त्याला धरून ठेवायला काहीच नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘फुफ्फुसातल्या ॲस्परजिलस संसर्गावर श्वासावाटे घ्यायची कोरडी पूड. उंदरांवरच्या चाचण्यांत फुफ्फुसातली बुरशी तोंडावाटे दिलेल्या औषधापेक्षा जास्त घटली, रक्तात औषध कमी उतरलं. माणसांवरची पहिली चाचणी पुढच्या वर्षी. भारताबाहेरचे हक्क खुले. तुमच्या श्वसन विभागाकडे पूड देण्याचं साधन आहे, त्यात ही पूड बसेल का, हे बोलायचं आहे.’ यात आजार आहे, टप्पा आहे, पुरावा आहे, काय देऊ करतोय ते आहे आणि नेमकं याच कंपनीकडे का आलो तेही आहे. शेवटची ओळ प्रत्येक विनंतीत बदलते. साठ वेळा ती नव्याने लिहावी लागते, आणि दोन आठवडे यादी वाचली असेल तरच ती लिहिता येते.

या मजकुरात पेटंटचं भान ठेवावं लागतं. पेटंटचा अर्ज दाखल होण्याआधी पुडीची घडण किंवा प्रक्रियेतली नेमकी मात्रा कुठे उघड केली, तर ‘नवं’ म्हणण्याचा हक्कच धोक्यात येतो. गोपनीयतेचा करार भेटीनंतर, दोघांनाही पुढे जायचं असेल तर होतो. त्यामुळे विनंतीत आणि पहिल्या भेटीत फक्त उघडपणे सांगता येईल तेवढंच.

विनंत्या व्यवस्था खुली झाल्या झाल्या पाठवाव्यात, कारण समोरच्याचे अर्धे तास मोजके असतात. पण उत्तरं लगेच येत नाहीत. मोठ्या कंपन्या विनंत्या साठवून गठ्ठ्याने निकालात काढतात, बहुतेकदा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. त्यामुळे मे महिन्यातली शांतता नकार समजू नये. एकदाच आठवण करावी आणि तीही काही नवं सांगायला असेल तर, म्हणजे एखादा निष्कर्ष आला, पेटंट मिळालं, परवानगी मिळाली.

नकारांतही फरक असतो. ‘या टप्प्यावर आम्हाला रस नाही’ असं कुणी कळवलं तर ती माहिती आहे, वहीत लिहून ठेवायची. ‘हा माझा विभाग नाही’ असं आलं तर त्याच उत्तरात योग्य सहकाऱ्याचं नाव विचारायचं, बहुतेक जण सांगतात. ‘वेळ शिल्लक नाही’ असं आलं तर संमेलनानंतर दोन आठवड्यांनी फोनवर अर्धा तास मागायचा. पुष्कळ जण हो म्हणतात, आणि गर्दीतल्या शेवटच्या दिवशीच्या भेटीपेक्षा ती बैठक शांतपणे होते.

होकार येऊ लागले की वेळापत्रकाचा प्रश्न उभा राहतो. आपण सगळा दिवस मोकळा दाखवला तर संगणक तो सगळा भरून टाकतो. सकाळी आठपासून सलग सहा भेटी लागतात आणि माणूस दुपारपर्यंत कोणाला काय सांगितलं ते विसरतो. शिवाय सगळ्या भेटी एकाच दालनात नसतात. मोठ्या कंपन्या प्रदर्शनातल्या आपल्या कक्षात बोलावतात, काही जण जवळच्या हॉटेलात खोली घेऊन बसतात. सॅन दिएगोचं केंद्र बंदराच्या कडेने लांबच लांब पसरलेलं आहे. एका टोकाची भेट साडेदहाला संपली आणि दुसऱ्या टोकाची साडेदहालाच सुरू झाली, तर दुसऱ्या माणसाची पहिली दहा मिनिटं गेलीच. म्हणून आपणच आधी काही चौकटी बंद करायच्या. दर दोन-तीन भेटींनंतर अर्धा तास, दुपारच्या जेवणाची वेळ आणि ऐकायलाच हवं असं एखादं सत्र. दिवसाला सात-आठ भेटींवर जाऊ नये. चार दिवसांत पंचवीसेक भेटी झाल्या तर त्या भरपूर झाल्या.

कोणती भेट केव्हा, यावरही थोडा ताबा ठेवता येतो. पहिल्या सकाळी प्रवासाचा शीण असतो आणि आपली मांडणीही अजून घासूनपुसून झालेली नसते, तेव्हा जिथे फारसं पणाला लागलेलं नाही अशा भेटी घ्याव्यात. सर्वांत महत्त्वाच्या भेटी दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत निम्मे लोक विमानतळाच्या वाटेवर असतात. आपल्या उदाहरणात श्वसन विभागाच्या अधिकाऱ्याची भेट संगणकाने शेवटच्या दिवशी बाराला लावली, तर ती बदलून घेण्याची विनंती त्याच दिवशी करायची. आठवड्याने विचारलं तर सगळ्या चौकटी गेलेल्या असतात. दोघं जाणार असतील तर साध्या भेटी वाटून घ्याव्यात आणि महत्त्वाच्या पाच-सहा भेटींना दोघांनी बसावं, एकाने बोलावं आणि दुसऱ्याने लिहावं.

इथून जाणाऱ्यांना दोन गोष्टींचा फटका हमखास बसतो. एक म्हणजे व्हिसा. अमेरिकेच्या मुंबईतल्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळायला काही वेळा महिनोन्‌महिने लागतात. म्हणून नोंदणीआधी व्हिसाकडे बघायचं. भेटी ठरवून ऐन वेळी रद्द कराव्या लागल्या तर साठ वेळा लिहिलेली ती शेवटची ओळ वाया जाते. दुसरी गोष्ट घड्याळाची. जूनमध्ये सॅन दिएगो आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. शेवटच्या आठवड्यात रद्द झालेल्या भेटींमुळे चौकटी मोकळ्या होतात आणि होकारांची खरी धांदल उडते ती तिथल्या कामाच्या वेळात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊपासून पहाटेपर्यंत. रात्री झोपण्याआधी आणि पहाटे उठल्यावर यादी उघडणाऱ्याला त्या चौकटी मिळतात. भेटी फोनच्या दिनदर्शिकेत उतरवून घेतल्या असतील तर त्या तिथल्या वेळेनुसार दिसतायत का, हे उतरल्याबरोबर पाच-सहा भेटी ताडून पाहावं. कागदावरचं छापील वेळापत्रक, टेबल क्रमांकांसह, खिशात असलेलं बरं.

एवढं करूनही समोरचा आलाच नाही, असं होतं. दहा मिनिटं थांबून त्याच व्यवस्थेतून निरोप पाठवायचा. त्या कंपनीचा प्रदर्शनात कक्ष असेल तर तिथल्या स्वागतकाकडे जाऊन विचारायचं. त्या विभागातला दुसरा कुणी पाच मिनिटं भेटला तरी नाव आणि ईमेल हाती लागतो.

यादीच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. उशिरा नोंदणी करणारे तिच्यात शेवटच्या दिवसांत येतात, म्हणून ती एकदा पाहून भागत नाही, आठवड्याला एकदा नव्या नावांसाठी उघडावी लागते. फक्त भाषणं ऐकायला आलेले लोक भेटींच्या व्यवस्थेत नसतात. त्यांच्यासाठी वक्त्यांची जाहीर यादी वेगळी वाचायची आणि सत्र संपल्यावर व्यासपीठापाशी गाठायचं. आणखी एक मर्यादा याहून मोठी आहे. इथे येतात ते बहुतेक व्यवसाय विभागाचे लोक. आपल्या उंदरांच्या आकड्यांत काय दडलंय हे पारखणारा शास्त्रज्ञ त्यांच्या कार्यालयात असतो. म्हणून टेबलावर ‘हो’ मिळवणं हा या भेटीचा हेतूच नाही. त्या माणसाने परत जाऊन आपल्या शास्त्रज्ञाला काय सांगावं, ते त्याच्या हाती नीट देणं हा हेतू. अर्ध्या तासातली पाच मिनिटं ओळखीत जातात. दहा मिनिटांत तीन-चार आकृत्या दाखवायच्या आणि उरलेला वेळ त्याच्या प्रश्नांना द्यायचा. उठण्याआधी एक गोष्ट नक्की करायची: पुढचा कागद कोण कुणाला आणि केव्हापर्यंत पाठवणार. मध्ये मोकळी ठेवलेली चौकट असते ती लगेच बसून हे सगळं लिहून काढण्यासाठी.

आपल्या उदाहरणातली कंपनी परत येते तेव्हा तिच्या वहीत पंचवीस भेटी आणि तीसेक नकार असतील. भेटींपैकी चार-पाच ठिकाणी गोपनीयतेच्या कराराचं बोलणं सुरू होईल. त्यांना आठवड्याच्या आत ठरलेला कागद गेला पाहिजे, कारण समोरच्यानेही त्या चार दिवसांत तेवढीच माणसं पाहिलेली असतात आणि नावं एकमेकांत मिसळायला वेळ लागत नाही. नकारांपैकी सात-आठ ठिकाणी ‘माणसांवरची पहिली चाचणी झाली की या’ असं लिहिलेलं असेल. शरद ऋतूत युरोपात ‘बायो-युरोप’ भरतं आणि तिथेही भेटींची अशीच पद्धत असते. यातली बरीच माणसं तिथे पुन्हा यादीत दिसतील. चाचणीचे आकडे हाती आले, की त्या यादीतून पहिली विनंती या सात-आठ जणांना जाईल, आणि तिची पहिली ओळ त्यांनीच मागितलेली असेल.